छोटा शिग्री ग्लेशियर दोन वर्षांत ‘वाढला’ कसा? एका चुकलेल्या आकड्याची पूर्ण तपासणी

झालं असं की माझ्या ओळखीतल्या एका मुलीने, भूगोलात एमएससी करतेय, मला एक एक्सेल शीट पाठवली. हिमाचलच्या लाहौल-स्पितीतला छोटा शिग्री ग्लेशियर तिने प्रोजेक्टला घेतलेला. दोन सप्टेंबर महिन्यांच्या सॅटेलाइट इमेज, एक 2016 ची आणि एक 2018 ची, दोन्हीवर एकच पद्धत चालवली आणि शेवटी दोन आकडे आले. 2016 चा आकडा संशोधनाच्या पेपरांमध्ये जे क्षेत्रफळ दिलेलं असतं, साधारण साडेपंधरा चौरस किलोमीटर, त्यापेक्षा कमी, आणि 2018 चा त्यापेक्षा बराच जास्त. तिने खाली लिहिलेलं, “दादा, ग्लेशियर वाढलाय असं लिहू का? मॅडम विचारतील तर काय सांगू?”

तिचं कोड बरोबर होतं, बँड, म्हणजे सॅटेलाइट उजेडाचे जे वेगवेगळे पट्टे टिपतो ते, बरोबर होते, महिनाही एकच होता, तरी दोन्ही आकडे चुकीचे आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी चुकीचे. म्हणून ही केस पूर्ण लिहून काढतोय. वर्षावर्षाला आकडे का बदलतात याची जवळपास सगळी कारणं या एका शीटमध्ये सापडतात.

आधी जागा समजून घेऊ. चंद्रा नदीच्या खोऱ्यात, छत्रू आणि बातलच्या दरम्यान, पीर पंजाल रांगेच्या उत्तर अंगाला हा ग्लेशियर आहे. लांबी साधारण 9 किलोमीटर, खालचं टोक 4,050 मीटरच्या आसपास आणि वरची बाजू 6,200 मीटरच्या पुढे. 2002 पासून इथे दरवर्षी माणसं प्रत्यक्ष चढून जातात, बर्फात वाफेच्या ड्रिलने भोकं पाडून बांबू रोवतात आणि वर्षभरात किती बर्फ वितळला ते त्या बांबूवर मोजतात, जेएनयूच्या टीमने फ्रेंच संशोधकांबरोबर हे काम सुरू केलं. त्यामुळे भारतातल्या हिमालयात सॅटेलाइटचा आकडा जमिनीवरच्या मापाशी ताडून बघता येईल अशा ज्या मोजक्या जागा आहेत त्यातली ही एक. शेजारीच बडा शिग्री आहे, तो याच्यापेक्षा कितीतरी मोठा, 28 किलोमीटरच्या आसपास लांब. ‘शिग्री’ हा तिथला शब्द, दगडधोंड्यांनी झाकलेल्या ग्लेशियरसाठी वापरतात, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता तिची पद्धत. बर्फाचं एक वैशिष्ट्य आहे, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडात तो लखलखीत पांढरा असतो पण शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडमध्ये जवळपास काळा पडतो. ढग मात्र दोन्हीकडे उजळ असतात. म्हणून हिरवा बँड आणि शॉर्टवेव्ह बँड यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागायचं, उत्तर 0.4 च्या वर आलं की तो पिक्सेल बर्फ, असा सरळ नियम, यालाच एनडीएसआय म्हणतात. सेंटिनेल-2 या सॅटेलाइटसाठी तिने लिहिलेलं हे असं होतं:

```
ndsi = (B3 - B11) / (B3 + B11)
snow = (ndsi > 0.4) & (B8 > 0.11)
area_km2 = snow.sum() * 400 / 1e6
```

यात B3 हा हिरवा, B11 शॉर्टवेव्ह आणि B8 निअर इन्फ्रारेड बँड. दुसऱ्या ओळीतली B8 ची अट पाण्यासाठी आहे. पाण्याचाही एनडीएसआय जास्त येतो, त्यामुळे ही अट नसेल तर ग्लेशियरसमोरची तळी बर्फात मोजली जातात. तिसऱ्या ओळीत 400 आहे कारण B11 चा पिक्सेल 20 मीटरचा, म्हणजे 400 चौरस मीटरचा, B3 आणि B8 त्यावर आणून बसवलेले. सगळं पुस्तकात असतं तसंच. आणि या कोडमध्ये ‘ग्लेशियर’ हा शब्द कुठेच नाही बघा, आहे तो snow. हे कोड विचारतं, “या क्षणी या पिक्सेलमध्ये वरच्या पृष्ठभागावर स्वच्छ बर्फ दिसतोय का?” ग्लेशियर म्हणजे वर्षानुवर्षं साचून दबलेला, स्वतःच्या वजनाने खाली सरकणारा बर्फ, त्याच्यावर दगड असोत, सावली असो, कालचा भुसभुशीत बर्फ असो, तो खाली असतोच. दोन प्रश्न वेगळे आहेत आणि तिच्या शीटमध्ये एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात भरलं गेलेलं.

2018 चा आकडा आधी घेऊ कारण तो सोपा आहे. मी तिला इमेजची तारीख विचारली, ती म्हणाली सप्टेंबरचा शेवट, कारण गाइडलाइन असते की उन्हाळ्याच्या शेवटची इमेज घ्यावी, तेव्हा हंगामी बर्फ सगळ्यात कमी उरलेला असतो. गाइडलाइन बरोबर आहे. पण 2018 मध्ये 22 ते 24 सप्टेंबरला हिमाचलमध्ये जबरदस्त पाऊस झाला आणि लाहौल-स्पितीत अवेळी बर्फ पडला, रस्ते बंद झाले, लोक अडकले, हेलिकॉप्टरने काढायला लागले. तिची इमेज त्याच्या नंतरची होती, आकाश एकदम निरभ्र, ढग शून्य टक्के, म्हणून तर ती तिने निवडलेली! वर्षाचा सगळ्यात कमी बर्फ शोधायला गेली आणि नेमका नवा बर्फ पडल्यानंतरचा दिवस हाताला लागला. ग्लेशियरच्या कडेचे दगडी उतार, ग्लेशियरने बाजूला आणून टाकलेल्या दगड-मातीचे म्हणजे मोरेनचे बांध, वरच्या खिंडीतले कडे, सगळं पांढरं, आणि कोडने ते सगळं मोजलं.

हे ओळखायचं कसं, तर ट्रू कलर इमेजमध्ये पटकन कळत नाही, सगळंच पांढरं दिसतं. शॉर्टवेव्ह, निअर इन्फ्रारेड आणि लाल हे बँड लाल-हिरवा-निळा असे लावून बघा. ताजा बारीक कणांचा बर्फ आणि जुना उघडा बर्फ यांचा रंग वेगळा येतो, ताजा जास्त उजळ आणि जुना गडद निळसर. उन्हाळ्याच्या शेवटी चांगल्या इमेजमध्ये ग्लेशियरच्या मधोमध एक रेषा दिसते, वर उजळ, खाली गडद, ती हिमरेषा. तिच्या 2018 च्या इमेजमध्ये ती रेषाच नव्हती, टोकापर्यंत सगळं एकसारखं उजळ. हिमरेषा दिसत नसेल तर ती इमेज ग्लेशियरचं क्षेत्रफळ काढायला वापरायची नाही, मी तरी हा नियम कडक पाळतो. मग ढग थोडे असले तरी चालतील पण दोन-तीन आठवडे आधीची इमेज घ्यावी, ती नाही मिळाली तर एक वर्ष मागे-पुढे जावं. सप्टेंबर लिहिलंय म्हणून सप्टेंबर घ्यायचा असं नाही.

आता 2016 चा आकडा कमी का आला. इमेज स्वच्छ होती, हिमरेषा व्यवस्थित दिसत होती, तरी दोन ठिकाणी भोकं पडलेली. पहिलं ठिकाण खालचा भाग. छोटा शिग्रीवर दगड-मातीचं आवरण फार नाही, साधारण 3.4 टक्के क्षेत्रावर आहे, पण 15.5 चे 3.4 टक्के म्हणजे अर्धा चौरस किलोमीटर झाला, आणि तो नेमका टोकाकडे आहे. कोडला तिथे दगड दिसतो आणि एनडीएसआय दगडाला बर्फ म्हणत नाही. दुसरं ठिकाण सावली. ग्लेशियर उत्तरेकडे वाहतो, त्याच्या डोक्याशी उंच कडे आहेत, सकाळी सॅटेलाइट वरून जातो तेव्हा त्या कड्यांची सावली बर्फावर पडलेली असते आणि तिथला उजेड इतका कमी की B8 ची 0.11 ची अट तो पिक्सेल फेकून देते. म्हणजे पाणी वगळायला घातलेल्या अटीनेच सावलीतला खरा बर्फ वगळला. ही गोष्ट मला स्वतःला कळायला फार वेळ लागला होता, आकडा पटत नाही म्हणून एकेक पिक्सेल क्लिक करत बसलो तेव्हा सापडली.

हाच कोड शेजारच्या बडा शिग्रीवर चालवला असता तर खालचा कित्येक किलोमीटरचा पट्टा गायब झाला असता, नावातच दगड आहेत त्याच्या. अशा ठिकाणी हाताने रेषा काढण्याला पर्याय नाही. टोक शोधायचं म्हणजे काय बघायचं, तर पाण्याचा प्रवाह नेमका कुठून बाहेर पडतो, दगडांच्या खाली बर्फाचा उघडा उभा कडा कुठे दिसतो, पृष्ठभागावर छोटी छोटी डबकी कुठपर्यंत आहेत, आणि दोन वर्षांच्या इमेज एकावर एक ठेवून दगडांचा पृष्ठभाग कुठपर्यंत सरकलाय. जो भाग सरकतोय त्याच्या खाली वाहता बर्फ आहे. पण जो सरकत नाही तिथे बर्फ नाहीच असं म्हणता येत नाही, तो निश्चल पडलेला असू शकतो, आणि इथेच दोन अनुभवी माणसांच्या रेषा वेगळ्या येतात. वेगवेगळ्या संस्थांच्या यादीत एकाच ग्लेशियरचं क्षेत्रफळ वेगळं दिसतं त्यात या दगडी टोकांचा मोठा वाटा असतो, निसर्गात काही बदललेलं नसतं, रेषा काढणारा हात बदललेला असतो.

मग तिने विचारलं, “समजा मी दोन्ही वर्षांच्या रेषा हाताने, नीट काढल्या, मग फरक खरा धरू ना?” इथे मी तिला कॅल्क्युलेटर घ्यायला सांगितलं. हिशेबासाठी परिघ 35 किलोमीटर धरू. लँडसॅट या दुसऱ्या सॅटेलाइटचा पिक्सेल 30 मीटरचा, कडेवर रेषा अर्धा पिक्सेल इकडे-तिकडे होऊ शकते म्हणजे 15 मीटर. 35 किलोमीटर गुणिले 15 मीटर, उत्तर 0.525 चौरस किलोमीटर, एकूण क्षेत्राच्या साडेतीन टक्क्यांच्या जवळ. सेंटिनेलचा 10 मीटरचा बँड घेतला तर अर्धा पिक्सेल 5 मीटर, उत्तर 0.175. एक इमेज लँडसॅटची आणि एक सेंटिनेलची असेल तर दोन्ही चुका वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढायचं, ते 0.55 च्या आसपास येतं. ही पद्धत थोडी जास्तच सावध आहे, कारण सगळ्या कडेवर एकाच बाजूला चूक होत नाही, पण अंदाज येतो.

आता दुसऱ्या बाजूला बदल किती असेल ते बघू. समजा टोक वर्षाला 10 मीटर मागे गेलं आणि टोकाची रुंदी 300 मीटर आहे. वर्षाला 3,000 चौरस मीटर, म्हणजे 0.003 चौरस किलोमीटर. मोजण्यातली चूक 0.55 आणि मोजायची गोष्ट 0.003! दोन वर्षांचा फरक या पद्धतीने दिसणारच नाही, वाढला म्हणा की घटला म्हणा, दोन्हीला आधार नाही. क्षेत्रफळाचा बदल बघायचा तर किमान काही दशकांचं अंतर हवं आणि शक्यतो एकाच माणसाने, एकाच तऱ्हेच्या इमेजवर रेषा काढलेल्या हव्यात.

‘बहुतेक ग्लेशियर स्थिर आहेत’ हे वाक्य ऐकलं की मला म्हणूनच जरा थांबायला होतं. अहमदाबादच्या स्पेस अप्लिकेशन्स सेंटरच्या अभ्यासात 2000-01 ते 2010-11 या काळासाठी 2,018 ग्लेशियर तपासले, त्यात 1,752 स्थिर, 248 मागे गेलेले आणि 18 पुढे आलेले निघाले. काम मोठं आहे आणि मेहनतीचं आहे. पण तिथे ‘स्थिर’ म्हणजे त्या इमेजवर टोकाची जागा बदललेली दिसली नाही, एवढंच. ग्लेशियर जाडीने कमी होत असेल तर ते वरून बघून टोकावर लगेच दिसत नाही.

आणि जाडीनेच तो कमी होतोय, हे छोटा शिग्रीच्या बांबूंनी दाखवलंय. 2002 ते 2014 या बारा वर्षांत सरासरी दरवर्षी 0.56 मीटर पाण्याइतका बर्फ गेला. बाराने गुणलं तर 6.7 मीटर पाणी, बर्फाच्या घनतेने भागलं तर जवळपास साडेसात मीटर जाडीचा थर, सगळ्या ग्लेशियरवर सरासरी. दुमजली घराच्या उंचीइतका बर्फ गेला आणि नकाशावरची बाह्यरेषा मात्र जवळपास तिथेच! मी त्या मुलीला म्हटलं, क्षेत्रफळ म्हणजे ताटाचा घेर आहे, भात किती उरलाय ते घेरावरून कळत नाही.

पण या बारा वर्षांतही प्रत्येक वर्ष सारखं नव्हतं, आणि खरा वर्षावर्षाचा बदल इथे आहे. 2004-05 च्या वर्षात छोटा शिग्रीचा ताळेबंद, म्हणजे वर्षभरात साचलेला बर्फ वजा गेलेला बर्फ, किंचित जमेच्या बाजूला होता, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या दोन्ही वर्षांत मात्र एक मीटरपेक्षा जास्त घट. हिमरेषा जमेच्या वर्षी खाली राहिली, घटीच्या वर्षी तीनशे मीटरच्या आसपास वर चढली. कारण साधं आहे, हिवाळ्यात वेस्टर्न डिस्टर्बन्स भरपूर आले, बर्फ जाड पडला की उन्हाळ्याचा पहिला बराच काळ तो हंगामी बर्फ वितळण्यातच जातो, खालचा जुना गडद बर्फ उशिरा उघडा पडतो. ताजा बर्फ बहुतेक ऊन परत पाठवतो, जुना मळका बर्फ बरंचसं शोषून घेतो, त्यामुळे तो महिनाभर आधी उघडा पडला की वर्षाचा हिशेबच बदलतो. उन्हाळ्यात मध्येच एखाद्या दिवशी बर्फ पडला तरी वितळणं काही दिवस थांबतं, छोटा शिग्रीवर पावसाळी वाऱ्यांचाही हात पोचतो, त्यामुळे हे घडतं. म्हणून वर्षावर्षाची गोष्ट सांगायची असेल तर ग्लेशियरची बाह्यरेषा एकच, पक्की ठेवायची आणि तिच्या आत हिमरेषा कुठे आली ते दरवर्षी मोजायचं.

तिच्या शीटमध्ये आणखी एक टॅब होता, पूर्ण चंद्रा खोऱ्याचं हिवाळी स्नो कव्हर, मोडिस या सॅटेलाइटवरच्या कॅमेऱ्याच्या 500 मीटर पिक्सेलवरून काढलेलं. इथे वर्षावर्षाचा फरक खरा आणि मोठा असतो, पण टक्का कशाचा ते न सांगता लिहिला की वाचणारा फसतो. समजा खोरं 1,000 चौरस किलोमीटरचं आहे, गेल्या वर्षी फेब्रुवारीत 600 वर बर्फ होता, यंदा 510 वर. मथळा होईल ‘बर्फ 15 टक्क्यांनी घटला’. पण वीस वर्षांची फेब्रुवारीची सरासरी 500 असेल तर यंदाचं वर्ष सरासरीपेक्षा 2 टक्के वर आहे, गेलं वर्षच जास्त बर्फाचं होतं. दोन्ही वाक्यं खरी.

ढगांचं तसंच. समजा त्या दिवशी 300 चौरस किलोमीटर ढगाखाली होतं, उरलेल्या 700 मध्ये 420 वर बर्फ दिसला. दिसलेल्या भागाचे 60 टक्के की पूर्ण खोऱ्याचे 42 टक्के? तिने काही आठवड्यांना एक आणि काही आठवड्यांना दुसरा भाजक वापरलेला, नकळत, कारण दोन वेगळ्या ट्युटोरियलमधून कोड घेतलेला. जिथे ढग जास्त तिथे तिचा बर्फ कमी, आणि बर्फ पडतो तो तर ढगातूनच, म्हणजे सगळ्यात जास्त बर्फाच्या आठवड्यात तिचा आलेख खाली जात होता. आठ किंवा दहा दिवसांच्या इमेज एकत्र करून हे भरता येतं, फक्त मग आठवड्यात एकदा जरी बर्फ दिसला तरी ‘बर्फ’ धरणारी कमाल पद्धत वापरली की सरासरी पद्धत, हे लिहायला लागतं. कमाल पद्धतीत दोन दिवसांत वितळून गेलेला पातळ थरही आठवडाभर मोजला जातो.

आणि क्षेत्र वेगळं, टिकून राहणं वेगळं. काठमांडूच्या इसिमोड या पर्वतीय प्रदेशांवर काम करणाऱ्या संस्थेने 2025 मध्ये हिंदुकुश-हिमालयासाठी दिलेला आकडा नेहमीपेक्षा 23.6 टक्के कमी असा होता, 23 वर्षांतला नीचांक, पण तो बर्फ जमिनीवर किती काळ टिकला याचा आहे. तिने तो आकडा आपल्या क्षेत्राच्या आकड्याशेजारी ठेवून फरक काढलेला. ती वजाबाकी मी काढून टाकायला लावली.

शेवटी शीट पुन्हा केली. 2018 ची इमेज रद्द, त्याऐवजी बर्फ पडण्याच्या आधीची ऑगस्ट अखेरची इमेज, एका कोपऱ्यात ढग होते ते मास्क करून वगळले. बाह्यरेषा एकदाच हाताने काढली, दगडी टोक आणि सावलीतला भाग धरून, आणि तीच दोन्ही वर्षांना लावली. क्षेत्रफळाच्या रकान्यात आता एकच आकडा आहे आणि त्याच्या शेजारी चुकीची मर्यादा, दोन वर्षांचा फरक हा रकानाच काढला. नवीन रकाना आला हिमरेषेच्या उंचीचा, दोन्ही इमेजच्या तारखांसह, कारण हिमरेषा ऑगस्ट अखेरीपासून सप्टेंबर मध्यापर्यंत अजून वर सरकू शकते आणि तारीख न लिहिता तो आकडा कोणी वापरला तर पुन्हा तीच गडबड. स्नो कव्हरच्या टॅबमध्ये सगळीकडे भाजक ढगविरहित क्षेत्राचा, आणि 40 टक्क्यांपेक्षा जास्त ढग असलेले आठवडे रिकामे सोडले. आलेखात त्यामुळे तीन ठिकाणी भोकं दिसतात. तिने विचारलं होतं की ती रेषेने जोडू का, मी म्हटलं राहू देत, त्या आठवड्यांत आपल्याला खोरं दिसलेलंच नाही.